सर, चौथं

दुपारच्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबे उघडले की कुणीतरी मोबाईल काढतो आणि पोरांचे मेसेज वाचून दाखवतो. हा आमच्याकडचा जुना खेळ. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी एका सरांनी वाचून दाखवला तो मेसेज असा होता : 'प्र. ४ (२)'. बस्स, एवढाच. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, विषय नाही, काय अडलं त्याचा पत्ता नाही.

भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून सर म्हणाले, “ह्याला काय म्हणावं? हा प्रश्न हाय का लॉटरीचा नंबर?”

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग सरांनी नेहमीचं पालुपद लावलं. पोरांना वळण राहिलं नाही, सगळं आयतं पाहिजे, आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही गुरुजींपुढं उभं राहून नीट विचारायचो.

इथं माझं हसू थांबलं. मी सरांच्याच वयाचा. त्यांच्यासारख्याच पत्र्याच्या शाळेत शिकलो. आम्ही नीट विचारायचो ही थाप आहे. गणिताच्या तासाला आम्ही काय म्हणायचो ते मला पक्कं आठवतं. वहीतल्या ओळीवर बोट ठेवून, मान खाली घालून आम्ही दोनच शब्द बोलायचो, “सर, चौथं.” ते बोलायलासुद्धा अर्धा तास लागायचा. बाकावरचा शेजारी कोपरानं ढोसायचा, “इचार की, इचार की.” सर फिरत फिरत जवळ आले की धीर करून म्हणायचं, सर, चौथं.

आणि तेवढं पुरायचं. कारण सर वाकून वही बघायचे. रबरानं खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं असायचं, तिथंच पोरगं अडलेलं. कुणी चुकलेली ओळ अंगठ्याखाली दाबून ठेवलेली असायची. सर अंगठा बाजूला करायचे आणि म्हणायचे, “अरे गाढवा, इथं हातचा विसरलास.” प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. वहीनं विचारला होता. आम्ही फक्त ओळ दाखवली होती.

आताचं पोरगं तेच करतंय. ते बाकावर बोलायचं तसंच फोनवर बोलतंय. फरक एवढाच, की वही त्याच्या घरी आहे आणि वाकणारा सर आपल्या घरी. 'प्र. ४ (२)' हा उर्मटपणा नाही. वही हरवलेलं 'सर, चौथं' आहे ते.

त्यात फोन त्याचा नसतोच. बापाचा असतो. बाप रानातून आल्यावर, जेवण होईस्तोवर तो पोराच्या हाती येतो. मराठी टायपिंगला काना-मात्रा शोधत बसायचं, बाजूला धाकटी बहीण फोन ओढत असते. सहा अक्षरांत मेसेज संपतो यात नवल काय? आणि हा त्याचा सरांना पहिलाच मेसेज असतो. दार वाजवून बघावं आणि कुणी ओरडलं तर पळता यावं, इतपतच तो वाजवतो.

शिवाय आकड्यांची ही भाषा त्याला शिकवली कुणी? दिवाळी झाली की आम्हीच फळ्यावर प्रकरणांसमोर गुण लिहितो. 'प्रश्न चौथा दोन सोडवायचे, चार-चार गुण, इथं मार खाऊ नका.' वर्षभर आम्ही त्याच्याशी नंबरात बोलतो. तो नंबरात बोलला की मग वळण आठवतं.

पण सरांच्या हसण्यापेक्षा मला दुसऱ्या प्रकारच्या मास्तरांशी जास्त भांडायचं आहे, कारण मी त्यांच्यातला होतो. हे हसत नाहीत. हे लगेच उत्तर पाठवतात. नंबर आला की कोऱ्या कागदावर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत उदाहरण सोडवायचं, फोटो काढायचा, पाच मिनिटांत रवाना. पोरगं हात जोडल्याचं चित्र पाठवतं. आपल्याला वाटतं, केवढं काम केलं! गावात नाव होतं, सर रात्री दहालासुद्धा उत्तर देतात.

असं एका पोराला मी दिलं होतं. माझं एक आवडतं उदाहरण आहे, दरवर्षी कुठंतरी घालतोच : 'एक एसटी १२० किमी अंतर एकसमान वेगाने जाते. वेग ताशी १० किमीने वाढवला असता तिला ३६ मिनिटे कमी लागतात, तर तिचा आधीचा वेग काढा.' सरावाच्या कागदावर ते होतं, पोरानं नुसता नंबर पाठवला, मी पूर्ण उत्तर पाठवलं. आधीचा वेग ताशी ४० किमी. त्याच्या पूर्वपरीक्षेला मी आकडे बदलून तसंच घातलं. अंतर १५० किमी, वेगातली वाढ ताशी ५ किमी, वेळ एक तास कमी. उत्तर यायला पाहिजे ताशी २५ किमी. पोरानं सुंदर अक्षरात सहा ओळी लिहिल्या आणि खाली चौकोनात उत्तर दिलं : ताशी ४० किमी. वरचे आकडेही माझेच, १२० आणि १०. प्रश्नपत्रिकेत ते नव्हतेच. माझा फोटो त्यानं पाठ केला होता.

तो पेपर तपासताना लाल पेन हातात धरून मी किती वेळ बसलो होतो ते मला माहीत. शून्य त्याला दिलं. खरं तर ते वाटून घ्यायला पाहिजे होतं.

तर आता, शिक्षकखोलीत ज्या मेसेजवर आम्ही हसलो त्याच्याकडं येतो. यंदाचा प्र. ४ (२) म्हणजे हेच एसटीचं उदाहरण होतं. पेपर झाला त्या संध्याकाळी मलासुद्धा तीन पोरांकडून हाच नंबर आला. तिघांचाही माझ्याशी हा पहिलाच मेसेज. या वेळी मी उत्तर पाठवलं नाही. तिघांना एकच ओळ लिहिली : 'जिथं हात थांबला तिथपर्यंतच्या वहीचा फोटो पाठव. खोडलेलं असू दे.' 'खोडलेलं असू दे' हे लिहावंच लागतं, नाहीतर पोरं आधी वही स्वच्छ करतात आणि आपल्याला बघायचं असतं तेच पुसून टाकतात.

पहिली वही एका मुलीची. तिनं आधीचा वेग x धरला होता. आधीचा वेळ १२० भागिले x, नंतरचा १२० भागिले x अधिक १०, दोन्हींतला फरक ३६. मांडणी बिनचूक. पुढं गुणाकार करून ती इथं आली होती :

3x² + 30x − 100 = 0

आणि अवयव पाडायला बसली होती. गुणाकार उणे ३००, बेरीज ३०, अशा दोन संख्या शोधत तिनं अर्धं पान भरलं होतं. अशा पूर्णांक संख्या नाहीतच. तिची समजूत अशी, की आपल्याला अवयव जमत नाहीत. हात थांबला होता अवयवांपाशी, पण चूक झाली होती चार ओळी वर. वेग ताशी होता आणि उजवीकडं ३६ ही मिनिटं होती. मी तिला अवयवांबद्दल एक शब्द बोललो नाही. एवढंच लिहिलं, की तुझ्या समीकरणातून सूत्रानं एसटीचा वेग काढला तर तो ताशी अडीच किमीच्या आसपास येतो, म्हणजे वारीतली म्हातारी एसटीच्या पुढं निघून जाईल, तर उजवीकडं काय लिहिलंयस ते एकदा बघ. थोड्या वेळानं एका शब्दाचं उत्तर आलं : 'मिनिटं'. पाठोपाठ ३६ भागिले ६० म्हणजे तीन पंचमांश तास, आणि मग x² + 10x = 2000. पन्नास आणि चाळीस तिला लगेच दिसले.

जाता जाता सांगतो, हीच चूक दुसऱ्या रूपात आली तर ओळखायला जास्त अवघड. काही पोरं ३६ मिनिटं म्हणजे ०.३६ तास लिहितात. त्यांना वेग येतो ताशी ५३ किमीच्या जवळपास. एसटीला तो शोभतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. अडीच किमी आलं तर पोरगं दचकतं तरी.

दुसरी वही एका मुलाची. यानं मिनिटांचे तास बरोबर केले होते. पण वजाबाकी उलटी मांडली होती, आधी वाढलेल्या वेगाचा वेळ आणि त्यातून जुन्या वेगाचा वेळ वजा. त्यामुळं त्याचं समीकरण झालं x² + 10x + 2000 = 0. समासात त्यानं २००० च्या जोड्या लिहिल्या होत्या, ४० आणि ५०, २५ आणि ८०, २० आणि १००, अगदी खालपर्यंत. गुणाकार २००० आणि बेरीज १० अशी जोडी त्याला हवी होती, ती मिळायची कुठून? याला मी विचारलं, “वजाबाकीत पहिल्यांदा कोणता वेळ लिहिलास आणि का?” तो लिहितो, 'वेग मोठा आहे तो आधी लिहिला.' म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याला ठाऊक होतं, पण वेग मोठा झाला की वेळ लहान होतो, हे कागदावर उतरलं नव्हतं. तसं ते रोज जगतं. तालुक्याला जाणारी जीप लवकर पोचते आणि एसटी उशिरा, हे त्याला कुणी शिकवायला नको. x आला की जीप आणि एसटी दोन्ही डोक्यातून उतरून जातात.

तिसऱ्यानं वही पाठवायला पाऊण तास लावला. फोटोत प्रश्न जसाच्या तसा उतरवून काढला होता आणि खाली एक ओळ, 'समजा एसटीचा वेग x'. पुढं कोरं. आमचे सर म्हणाले असते, बघा, आयतं पाहिजे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी त्याला फोन लावला. बाप म्हणाला, “जेवायलाय, देतो.” पोरगं आलं.

मी म्हणालो, “x सोडून दे. एसटी ताशी ६० नं गेली तर १२० किमीला किती वेळ?”

“दोन तास.”

“३० नं गेली तर?”

“चार.”

“कसं काढलंस?”

“भागलं.”

“कशाला कशानं?”

“एकशेवीसला तीसनं.”

“मग आता वेग x आहे.”

पलीकडं नुसता टीव्हीचा आवाज. मग हळूच, “एकशेवीस भागिले x?” आणि लगेच, “पण सर, ते उत्तर कुठं झालं? त्याचा आकडाच येत नाही.”

त्याचं अडलेलं ते होतं. आकडा आला नाही की गणित झालंच नाही, असं त्याला वाटत होतं. भागाकार नुसता मांडून ठेवता येतो आणि त्याच्यापुढं जाता येतं, हे त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. एसटीचा, वेगाचा, वर्गसमीकरणाचा इथं काही संबंध नाही. ही गाठ सातवी-आठवीतली. माझ्या त्या सहा ओळींच्या सुंदर फोटोत याचं उत्तर कुठं होतं? पहिल्या ओळीत मीही १२० भागिले x असंच लिहून पुढं गेलो असतो.

एका नंबरामागं हे असं असतं. तीन पोरं, तीन वेगळी दुखणी, आणि मी तिघांना एकच गोळी देणार होतो.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बेचाळीस पोरं हायेत वर्गात. प्रत्येकाची वही बघत बसू का रात्रभर?” रास्त आहे. एका वहीला मला दहा-पंधरा मिनिटं लागतात, एका रात्री चार-पाचांच्या पुढं माझ्याच्यानं होत नाही. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री कुणी नंबर पाठवला तर मीसुद्धा तत्त्वं गुंडाळून ठेवतो आणि सरळ उत्तर पाठवतो. त्या रात्री पोराला शिकायचं नसतं, झोपायचं असतं. आणि आयतं मागणारी पोरं नसतातच असं नाही. वही माग म्हटलं की त्यांचा मेसेज पुन्हा येत नाही, किंवा गाइडातलं उत्तर वहीत उतरवून त्याचा फोटो येतो. ते ओळखू येतं, त्यात एकही खाडाखोड नसते. पण ती आयतं मागणारी आहेत हे वही मागितल्यावर कळतं. नंबर बघून नाही. सर नंबर बघूनच निकाल देऊन मोकळे होतात, माझं भांडण तिथं आहे.

प्रकरणाचं नाव पाठवणारी पोरं ही आणखी वेगळी. नंबर पाठवणारा निदान एका ओळीपाशी उभा असतो. नुसतं प्रकरणाचं नाव आलं तर समजावं, पोरगं त्या दिवसांत वर्गातच नव्हतं. आमच्या मराठवाड्यात दिवाळीच्या आगंमागं कापूस वेचायला घरातली सगळी माणसं रानात लागतात, ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं तर अर्धं वर्ष फडावर. परत आल्यावर त्यांना काय अडलं ते सांगता येत नाही, कारण अडायलासुद्धा आधी थोडं चालून जावं लागतं.

हे मला उशिरा कळलं, आणि एका मुलीच्या पायी कळलं.

२०२० चं साल. शाळा बंद, सगळं फोनवर. दहावीतल्या एका मुलीचा पहिला मेसेज आला : 'त्रिकोणमिती'. त्या दिवसांत माझ्या फोनवर दिवसाला पन्नास मेसेज. मी काय केलं, तर दहावीच्या त्या प्रकरणाच्या तीन व्हिडिओंच्या लिंका पाठवल्या. वर एक वाक्य ठोकलं : 'आधी हे बघ आणि नीट प्रश्न विचारायला शिक.' तिनं अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुन्हा तिचा मेसेज आला नाही.

मी जे बघायला पाहिजे होतं ते मला डोळे मिटून ठाऊक होतं. त्रिकोणमिती नावाचं प्रकरण दहावीच्या पुस्तकात आहे, तसंच नववीच्याही पुस्तकात आहे. नववीच्या भूमितीत ते आठवं, म्हणजे शेवटून दुसरं. वर्गात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. ही मुलगी नववीत असताना त्याच मार्चमध्ये, २०२० च्या, शाळा बंद पडल्या, आणि नववीची पोरं तशीच वर चढवली गेली. तिचं त्रिकोणमितीचं नववीचं पानच उघडलं गेलं नव्हतं. मी तिला पाठवलं काय? साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक. जिन्याच्या पायऱ्याच नाहीत तिथं मी गच्चीचा पत्ता दिला. 'नववीची का दहावीची?' एवढं विचारलं असतं तर झालं असतं. तीन शब्द.

पुढच्या वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत गुणांवर जवळजवळ सगळे पास, तीही पास. तिला सायन्सला जायचं होतं असं तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळलं. तिनं आर्ट्‌स घेतलं.

मागच्या दिवाळीत तालुक्याच्या स्टँडवर ती भेटली. भरतीचा अभ्यास करते, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला आली होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. इकडचं तिकडचं झालं. मग मीच तो मेसेज काढला. म्हणालो, त्या वेळी चुकलं माझं.

ती हसली. म्हणाली, “सर, मला तर पहिलंच कळत नव्हतं. समोरची बाजू कोणती अन् लगतची कोणती. पुस्तकात एक आकृती, व्हिडिओत दुसरी. एकीत उभी बाजू समोरची, दुसरीत आडवी. मला वाटलं, मलाच दिसंना झालंय.”

झेरॉक्सची पावती माझ्या हातात होती. तिच्या मागं मी काटकोन त्रिकोण काढला. काटकोनासमोरची ती कर्ण, तिला सोडून दे, म्हणालो. राहिल्या दोन. आता ह्या कोनात उभी राहा आणि पलीकडं बघ. जी बाजू तुला शिवत नाही ती समोरची. तिनं खालच्या कोनावर बोट ठेवलं आणि उभी बाजू दाखवली. मग बोट वरच्या कोनावर नेलं आणि थांबली.

“म्हणजे कोन बदलला की समोरची बाजूबी बदलती?”

“बदलते.”

“एवढंच होतं?”

तेवढ्यात तिची गाडी लागली. पावती तिनं घडी घालून पर्समध्ये टाकली आणि पळाली. मला झेरॉक्सचे पैसे पुन्हा द्यावे लागले, कारण पावती नाही म्हणून दुकानदार माझे कागद देईना.